विक्री किती घसरली की तोटा सुरू होतो? एका पोळी-भाजी केंद्राचा हिशेब

प्रश्न: डोंबिवलीत आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. मी आणि माझे यजमान मिळून चालवतो. महिन्याला साधारण सहा लाखांची विक्री होते आणि सगळे खर्च जाऊन साठ हजार उरतात. आता समोरच्याच गल्लीत दुसरं केंद्र सुरू झालंय. यजमान म्हणतात, नफा दहा टक्के आहे म्हणजे विक्री दहा टक्के घटली की आपण शून्यावर. आमचे सीए म्हणाले, घाबरू नका, पंचवीस टक्क्यांपर्यंत वाव आहे. खरं काय? आणि आम्ही पोळी दहाची नऊला द्यावी का?

उत्तर:

यजमानांचं आणि सीएंचं, दोघांचंही बरोबर आहे. दोघं वेगवेगळ्या घसरणीबद्दल बोलताहेत, एवढंच. गिऱ्हाईक कमी झाल्यामुळे विक्री घटली तर सीएंचा आकडा लागू होतो. तुम्ही स्वतः दर उतरवल्यामुळे घटली तर यजमानांचा. म्हणून तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. पण त्याच्याकडे जायचं तर आधी पंचवीस टक्के आले कुठून, ते नीट पाहावं लागेल.

तुम्ही खर्चाचा तपशील दिलेला नाही. म्हणून तुमच्याच आकाराच्या केंद्राचा हिशेब मांडतो. तुमचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, ते यात बसवून घ्या. सहा लाख ही रक्कम जीएसटी वजा जाऊन धरली आहे. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, तो आपल्याच गल्ल्यातून भरावा लागतो. तसं असेल तर तो खर्चात धरा.

खर्चाचे दोन गठ्ठे करायचे. पहिल्यात विक्रीबरोबर वाढणारे आणि विक्रीबरोबर कमी होणारे खर्च. कणीक, भाजी, तेल, मसाले मिळून २,६४,००० रुपये. डबे, फॉइल, पिशव्या २४,०००. पोळ्या लाटणाऱ्या बायकांना तुम्ही नगावर पैसे देत असाल, तर रोजच्या ९०० पोळ्या आणि पोळीमागे दोन रुपये धरून महिन्याला ५४,००० होतात. दुसऱ्या गठ्ठ्यात गिऱ्हाईक येवो न येवो, द्यावेच लागणारे खर्च. गाळ्याचं भाडं ५५,०००. आचारी, दोन मदतनीस आणि काउंटरवरचा मुलगा यांचे महिन्याचे पगार ७६,०००. वीज-पाणी १२,०००. फोन, साफसफाई, दुरुस्ती, हिशेबनिसाची फी १०,०००. कर्जाचं व्याज १०,०००. भांडी, फ्रीज, शेगड्या यांचा घसारा ८,०००.

राहिला गॅस. तो दोन्हीकडे थोडा थोडा बसतो आणि चूक बहुधा इथेच होते. कोणी अख्खा गॅस बदलत्या खर्चात टाकतं, कोणी अख्खा ठरावीक खर्चात. खरं म्हणजे सकाळी तवे तापवायला, रस्सा गरम ठेवायला जो गॅस जळतो तो दहा पोळ्या केल्या तरी जळतो. त्यापुढचा पोळ्यांप्रमाणे वाढतो. ही फोड करायला सोपी रीत आहे. वर्षातला सगळ्यात भरगच्च महिना आणि सगळ्यात मंद महिना शेजारी ठेवा. समजा ६,६०,००० विक्रीच्या महिन्यात १६ सिलिंडर लागले आणि मे महिन्यात, अर्धी डोंबिवली गावाला गेलेली असताना, ४,८०,००० विक्रीला १३ लागले. विक्रीत फरक १,८०,००० चा आणि सिलिंडरमध्ये तीनचा. म्हणजे दर ६०,००० विक्रीमागे एक सिलिंडर. सहा लाखांना दहा सिलिंडर विक्रीचे. नेहमीच्या महिन्यात लागतात पंधरा, म्हणजे उरलेले पाच नुसतं दुकान उघडं ठेवण्याचे. हिशेबासाठी सिलिंडर १,८०० रुपयांना धरला तर १८,००० बदलता खर्च आणि ९,००० ठरावीक. महिन्यात विकत घेतलेले सिलिंडर मोजू नका, संपलेले मोजा. ३० तारखेला आलेल्या दोन भरलेल्या टाक्यांमुळे हिशेब बिघडतो. विजेच्या बिलालाही हीच रीत लावता येते. तुमच्याकडे मोठा खर्च फ्रीजचा असेल, म्हणून मी वीज सगळी ठरावीक धरली.

आता बेरीज करा. बदलता खर्च ३,६०,०००, म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे साठ. ठरावीक खर्च १,८०,०००. प्रत्येक शंभराच्या विक्रीतले साठ रुपये माल, पॅकिंग, लाटणावळ आणि गॅसला गेले की चाळीस हातात राहतात. या चाळीस रुपयांना आम्ही कॉन्ट्रिब्युशन म्हणतो. यातूनच आधी ठरावीक खर्च फिटतो आणि तो पुरा फिटल्यानंतर पुढच्या विक्रीवर नफा सुरू होतो. १,८०,००० फिटायला ४० टक्क्यांनी किती विक्री लागेल? १,८०,००० भागिले ०.४०, म्हणजे ४,५०,०००. हा तुमचा ब्रेक-इव्हन. सहा लाखांपासून तिथपर्यंत दीड लाखाचं अंतर आहे आणि दीड लाख म्हणजे सहा लाखांचे २५ टक्के. सीए बोलले ते हेच, मार्जिन ऑफ सेफ्टी.

पडताळून पाहा. विक्री २५ टक्के घटून साडेचार लाख झाली तर बदलता खर्चही २५ टक्के घटून २,७०,००० होतो. हातात १,८०,००० राहतात आणि ते ठरावीक खर्चात जातात. नफा शून्य. यजमानांच्या हिशेबात सुटलं ते हे, की गिऱ्हाईक आलं नाही तर त्याच्यासाठीची कणीक आणि भाजीही लागत नाही. विक्री ६०,००० ने घटली तर नफा ६०,००० ने घटत नाही, २४,००० ने घटतो.

यातून एक झटपट रीतही हाती लागते. नफ्याच्या टक्क्याला कॉन्ट्रिब्युशनच्या टक्क्याने भागा. १० भागिले ४०, पाव. म्हणूनच सारखाच दहा टक्के नफा असलेले दोन धंदे सारखे सुरक्षित नसतात. किराणा दुकानात शंभरामागे पंधराच हातात राहत असतील आणि नफा दहा टक्के असेल, तर विक्री दोन तृतीयांश घटेपर्यंत तोटा नाही. उलट ज्या क्लासचा जवळजवळ सगळा खर्च जागेवर आणि पगारांवर आहे, त्याच्याकडे शंभरातले नव्वद हातात राहतात. नफा दहाच टक्के असेल तर नऊ मुलांपैकी एक गेलं की तो शून्यावर. तुम्ही यांच्या मधोमध आहात.

आता दराकडे येऊ.

समजा समोरच्या केंद्राला उत्तर म्हणून तुम्ही सगळ्याच पदार्थांचे दर दहा टक्क्यांनी उतरवले आणि एकही गिऱ्हाईक हललं नाही. तेवढ्याच पोळ्या, तेवढीच भाजी. विक्री ५,४०,००० होईल. पण कणीक तेवढीच लागेल, डबे तेवढेच, लाटणावळ तेवढीच. बदलता खर्च ३,६०,००० च राहतो. हातात १,८०,०००, ठरावीक खर्च १,८०,०००, नफा शून्य. यजमानांचे दहा टक्के ते हेच. दर उतरवून घटलेला प्रत्येक रुपया थेट नफ्यातून जातो, कारण त्याच्यासोबत कुठलाही खर्च कमी होत नाही.

म्हणजे दर कायम ठेवून एक चतुर्थांश गिऱ्हाईक गमावणं आणि एकही गिऱ्हाईक न गमावता दर दहा टक्क्यांनी उतरवणं, दोन्हीचा शेवट एकाच जागी होतो. पहिल्यात निदान कष्ट तरी कमी होतात. आणि दर उतरवल्यावर पूर्वीचा साठ हजार नफा परत मिळवायचा असेल, तर नव्या दराने ७,२०,००० ची विक्री लागेल. म्हणजे आजच्यापेक्षा एक तृतीयांश जास्त पोळ्या आणि एक तृतीयांश जास्त भाज्या, आणि त्या जास्तीच्या कामाला आणखी एक मदतनीस लागला की तो हिशेबही पुन्हा वर सरकतो.

तुम्ही मात्र फक्त पोळीचा दर विचारलाय, तर तेवढंच पाहू. दहाच्या पोळीला कणीक-तेलाचे २.२०, लाटणावळीचे २ आणि गॅस-पॅकिंगचे ८० पैसे असे पाच रुपये जातात आणि पाच राहतात असं धरा. ती नऊला दिली तर हातात चार राहतात. महिन्याच्या २७,००० पोळ्यांवर रुपया रुपया सोडला की नफ्यातले २७,००० गेले, म्हणजे जवळजवळ निम्मा नफा. तो नुसत्या पोळ्यांवर भरून काढायचा तर रोजच्या ९०० ऐवजी १,१२५ पोळ्या विकाव्या लागतील. तुमचे तवे आणि लाटणाऱ्या बायका सकाळच्या दोन तासांत तेवढ्या काढू शकतील का, हे तुम्हीच सांगू शकाल.

दर न उतरवता काय होईल? इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लक्षात घ्यायला हवी की पोळीचं गिऱ्हाईक जाताना भाजीही घेऊन जातं. म्हणून नुसत्या पोळ्या न मोजता सगळी गिऱ्हाइकी मोजू. आज महिन्याला एकूण २,४०,००० हातात राहतात. त्यातले २७,००० जायला सुमारे सव्वाअकरा टक्के गिऱ्हाईक जावं लागेल. म्हणजे प्रश्न असा मांडा: दर तसाच ठेवला तर शंभरातली अकरापेक्षा जास्त गिऱ्हाईकं समोर जातील का, आणि नऊ रुपये केले तर ती सगळी थांबतील का? दोन्हींचं उत्तर ठामपणे 'हो' असेल तरच नऊचा फलक लावा. माझा अनुभव असा की समोरचं दुकान पहिल्या महिन्यात स्वस्त देतं, लोक चव बघायला जातात आणि त्यातले बरेच परत येतात. तोवर तुम्ही दर उतरवलेला असेल, तर तो परत दहावर नेणं फार जड जातं. आणि तुम्ही नऊ केल्यावर समोरचा आठ करणार नाही, याची हमी कोण देणार? म्हणून सध्या तरी दहाच ठेवा, असं माझं मत आहे. जुन्या गिऱ्हाइकांसाठी काही करायचंच असेल तर दहा पोळ्यांवर थोडी चटणी किंवा कोशिंबीर द्या. तिचा खर्च तुमच्या हातात राहतो आणि ती कधीही बंद करता येते.

आणखी एका प्रसंगात यजमानांचे दहा टक्के खरे ठरतात, आणि तो तुमच्याकडे येत्या आठवड्यांतच येऊ शकतो. वर मी म्हटलं की गिऱ्हाईक आलं नाही तर भाजी लागत नाही. कागदावर हे खरं आहे. पण तुमची भाजी सकाळी सहाला शिजते आणि गिऱ्हाईक येणार नाही हे कळतं रात्री नऊला. रोजची २०,००० ची विक्री १८,००० वर आली आणि आचारी मात्र त्याच पातेल्यांत तेवढीच भाजी करत राहिला, तर दोन हजारांतले आठशे नाही, जवळजवळ सगळे दोन हजार जातात. थोडं पॅकिंग वाचेल, पोळ्या मागणीप्रमाणे लाटत असाल तर तेवढी कणीक वाचेल. रोजचा नफाही दोन हजारच आहे. बदलता खर्च आपोआप बदलत नाही, तो रोज सकाळी कोणीतरी कमी करावा लागतो. म्हणून विक्री घटू लागली की पहिलं काम म्हणजे आचाऱ्याला रोज रात्री उद्याचा अंदाज किलोत सांगणं आणि रात्री किती भाजी उरली ते वजन करून वहीत लिहिणं. सलग चार-पाच दिवस एकाच भाजीचे दोन-अडीच किलो उरत असतील, तर तुमचा पंचवीस टक्क्यांचा वाव कागदापुरताच उरलाय असं समजा. सुक्या भाज्यांत हे लवकर दिसतं. उसळीत उशिरा दिसतं, कारण कडधान्य आदल्या रात्री भिजलेलं असतं आणि उरलेली उसळ दुसऱ्या दिवशी मिसळून जाते.

काय घटतंय, यावरही फरक पडतो. वरच्या आकड्यांत पोळीवर निम्मे पैसे हातात राहतात, तर भाज्या, भात, वरण, पनीर यांच्यावर शंभरामागे बत्तीसच्या आसपास. नुसत्या पोळ्या घटल्या तर रोजच्या ४०० पोळ्या गेल्या की तुम्ही शून्यावर. विक्रीत ती घट फक्त वीस टक्के दिसेल. उलट नुसत्या भाज्याच घटल्या तर एकूण विक्री एकतीस टक्के घटेपर्यंत तग धरता येतो. म्हणून समोरच्या केंद्राने मऊ घडीच्या पोळ्यांवर जोर दिला, तर ती जास्त गंभीर गोष्ट समजा. पंचवीस टक्के हा आकडा पोळी आणि भाजीचं आजचं प्रमाण तसंच राहील, हे गृहीत धरून काढलेला आहे.

महागाईचंही तसंच. विक्री एका रुपयानेही घटली नाही, पण तेल आणि भाजी महागून शंभरामागचा बदलता खर्च साठावरून चौसष्टवर गेला, तर ब्रेक-इव्हन साडेचार लाखांवरून पाच लाखांवर जातो. पंचवीसचे साधारण पावणेसतरा टक्के होतात आणि गल्ल्यावर बसलेल्याला काहीच वेगळं दिसत नाही. भाड्यालाही हे लागू आहे. तुमच्याकडे ठरावीक खर्चात आलेला प्रत्येक रुपया फेडायला अडीच रुपयांची विक्री लागते. अकरा महिन्यांचा करार संपून भाडं पाच हजारांनी वाढलं, तर जागच्या जागी राहायला महिन्याला १२,५०० ची विक्री जास्त हवी.

आता एक गोष्ट, जी सीएंच्या आकड्यात बहुधा धरलेली नाही. वरच्या खर्चात तुम्हा दोघांचा पगार कुठेच नाही. पहाटे मंडईतून भाजी आणणं, दोन्ही वेळा गल्ला सांभाळणं, रात्री हिशेब लिहिणं, हे सगळं फुकट धरलंय. उद्या तुमच्यापैकी एक आजारी पडलं आणि ही कामं पगारी माणसांकडून करून घ्यावी लागली, तर दोघांचे मिळून चाळीस हजार तरी जातील. ते ठरावीक खर्चात धरा. खर्च २,२०,००० होतो, ब्रेक-इव्हन साडेपाच लाखांवर जातो आणि पंचवीस टक्क्यांचा वाव सव्वाआठ टक्क्यांवर येतो. घर या केंद्रावरच चालत असेल, तर तुमच्यासाठी खरा आकडा हा आहे. साडेचार लाखांच्या विक्रीला पुस्तकात तोटा दिसणार नाही. पण घरी किराणा भरायला त्यातून एक रुपयाही येणार नाही.

बँकेचा हप्ताही असाच. पुस्तकात फक्त व्याज खर्च म्हणून दिसतं. दहा लाखांच्या बाकीवर बारा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता साधारण २२,००० बसतो. त्यातले १०,००० व्याज आणि १२,००० मुद्दल. मुद्दल खर्चात येत नाही, पण खात्यातून जातं. उलट घसाऱ्याचे ८,००० खर्चात दिसतात, पण कोणाला द्यायचे नसतात. म्हणून रोख पैशांचा हिशेब वेगळा करा. १,८०,००० मधून घसारा ८,००० काढा, मुद्दल १२,००० घाला, घरखर्चाचे ४०,००० घाला. २,२४,००० होतात. त्याला ४० टक्क्यांनी भागलं की ५,६०,०००, रोजचे साधारण १८,७००. आज रोज वीस हजार येताहेत. म्हणजे रोख पैशांच्या बाजूने तुमचा वाव रोज तेराशे रुपयांच्या विक्रीचा आहे. पुढे कर्ज फिटत जाईल तसं व्याज कमी आणि मुद्दल जास्त होत जातं. पुस्तकी नफा वाढलेला दिसतो, पण हप्ता तेवढाच असल्यामुळे ही रेषा खाली येत नाही.

मे महिना यावरून पाहा. ४,८०,००० विक्रीला पुस्तकात बारा हजार नफा आहे. रोखीत मात्र ५,६०,००० ला ८०,००० कमी पडले आणि त्याच्या ४० टक्क्यांनी ३२,००० ची तूट आली. दरवर्षी मे येणारच, तेव्हा ही तूट चांगल्या महिन्यांतून बाजूला काढून ठेवलेली असली पाहिजे. नाहीतर भाजीवाल्याची उधारी वाढते आणि उधारीवरची भाजी नेहमी थोडी महाग आणि थोडी शिळी मिळते. वर्षाची सरासरी काढून तुम्ही सुरक्षित असाल आणि जूनच्या पाच तारखेला पगाराला पैसे नसतील, असं होऊ शकतं.

घसरण कशामुळे होतेय हे ओळखायला नुसता गल्ला पुरत नाही. रोजच्या वहीत विक्रीच्या शेजारी तीन गोष्टी लिहा: बिलं किती झाली, पोळ्या किती गेल्या आणि भाजी किती किलो उरली. विक्री घटली आणि बिलंही त्याच प्रमाणात घटली, तर गिऱ्हाईक जातंय. बिलं तेवढीच आहेत पण एका बिलाची रक्कम घटलीय, तर लोक तुमच्याकडून पोळ्या घेताहेत आणि भाजी समोरून, किंवा उलट. पोळ्यांचा आकडा ते सांगेल. बिलं, पोळ्या, भाजी सगळं तेवढंच आणि पैसे मात्र कमी, तर सवलत कुठेतरी जास्त दिली जातेय किंवा गल्ल्यात गळती आहे. हे पंधरा दिवस लिहिलं की दर उतरवायचा की नाही, यावर अंदाजाने वाद घालावा लागणार नाही.

शेवटी, विक्री खरंच खाली गेली तर? साडेचार लाखांच्या खाली गेल्यावर लगेच दुकान बंद करायचं नसतं. बंद केलं तरी बँकेचा हप्ता चालूच राहतो आणि घसाऱ्याला रोख पैसे लागत नाहीत. म्हणून बंद करण्याची रेषा काढताना व्याज आणि घसारा बाजूला ठेवायचे. १,८०,००० मधून हे १८,००० गेले की १,६२,००० राहतात आणि त्याला ४,०५,००० ची विक्री लागते. विक्री ४,०५,००० आणि ४,५०,००० च्या दरम्यान असेल तर पुस्तकात तोटा दिसेल, पण दुकान चालू ठेवल्यामुळे हप्त्यातला काही भाग निघेल. त्याच्या खाली गेलात तर दुकान उघडं ठेवण्याचेच पैसे घरातून घालावे लागतील. पंधरा हजार पगाराचा एक मदतनीस कमी केला तर ही रेषा ३७,५०० ने खाली येते. दोन मदतनिसांपैकी एकाचं काम तुम्ही स्वतः करणार असाल तरच ते करा, नाहीतर पोळ्या उशिरा मिळतात आणि रांगेतला माणूस समोर जातो.

बंद करायच्या रेषेत मी भाडं धरलंय, कारण गाळा सोडला की ते थांबतं. पण ते कधी थांबतं, हे तुमच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर आहे. त्यात लॉक-इन किती महिन्यांचं आहे आणि नोटीस एक महिन्याची की तीन, ते आजच काढून वाचा. लॉक-इन शिल्लक असेल तर ५५,००० चं भाडं दुकान बंद केल्यावरही द्यावं लागेल. मग ते या हिशेबातून वगळायचं आणि १,०७,००० लाच ४० टक्क्यांनी भागायचं. उत्तर २,६७,५०० येतं. म्हणजे लॉक-इन संपेपर्यंत पावणेतीन लाखांच्या आसपास विक्री असली तरी शटर उघडं ठेवणं बंद करण्यापेक्षा स्वस्त पडतं. लॉक-इन संपलं की हाच आकडा पुन्हा ४,०५,००० होतो. तेव्हा करार संपण्याच्या दोन-तीन महिने आधी वहीतले आकडे घेऊन बसा आणि गाळेमालकांशी भाड्याचं बोलणं त्याच सुमाराला सुरू करा.